‘केस काय, वाढतील’ हे तक्रारीचे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सलूनमध्ये केस बिघडले की बहुतेक जण घरी येऊन चिडतात, चार मैत्रिणींना सांगतात आणि गप्प बसतात. तक्रार करायला गेलेच, तर काउंटरवर ठरलेले उत्तर मिळते : ‘मॅडम, केस आहेत, वाढतील.’ माझ्या मुलीच्या बाबतीत नुकतेच हेच घडले. त्यानंतर आम्ही सलूनला लेखी तक्रार दिली. ती कशी लिहिली आणि त्यात काय मागितले, हे इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून हे पत्र.

मुलीचे केस कुरळे, पाठीच्या मध्यापर्यंत होते. नाशिकमधल्या एका मोठ्या सलूनमध्ये तिने तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. खालून दोन इंच कापा, पुढचे लेअर हनुवटीच्या खाली ठेवा आणि केस विरळ करणारी थिनिंगची कात्री लावू नका. मोबाइलवरचा फोटोही दाखवला होता. केस कापणाऱ्या मुलाने केस धुतले, ओले असतानाच फणीने ताणून धरले, डोक्याच्या वर उचलून सरळ कापले आणि शेवटी ब्लो ड्राय करून गुळगुळीत केले. आरशात सगळे बरे दिसत होते. बिल झाले ३,२०० रुपये. त्यात कटचे १,४०० आणि हेअर स्पाचे १,८०० रुपये होते.

घरी पहिल्यांदा केस धुतले तेव्हा खरा प्रकार कळला. माथ्यावरचे केस आखडून कानाच्या पातळीला आले, खालचे मात्र खांद्याच्या खालीच राहिले. मधे सरळ पायरी दिसत होती. डावी बाजू उजवीपेक्षा आखूड होती. माझी मामेबहीण ठाण्यात बरीच वर्षे पार्लर चालवते. तिने मुलीच्या केसांची एक बट दोन बोटांत धरून वर उचलली आणि उजेडासमोर नेली. बटेच्या मधूनच तुटक तुटक आखूड केस बाहेर आलेले दिसत होते. ‘थिनिंग लावलीय,’ ती म्हणाली, ‘तीही मुळाच्या जवळून. हे आखूड केस वरच्या केसांना ढकलत राहणार, म्हणून फुगतंय.’

ओला केस ताणला की लांबतो आणि सुकल्यावर मूळ वळणावर परत येतो. सरळ केसांत हा फरक नगण्य असतो, पण कुरळ्या केसांत तो सहज दोन-तीन इंचांचा होतो, आणि प्रत्येक बटेचे वळण वेगळे असल्याने सगळीकडे सारखाही नसतो. म्हणून जाणता कारागीर कुरळे केस एक तर कोरडे असताना कापतो, किंवा ओले कापले तरी न ताणता, थोडे लांब ठेवून कापतो आणि सुकल्यावर बट-बट बघून बाकीचे कमी करतो. माथ्यावरचे केस सरळ वर ओढून कापले तर सगळ्यात आखूड लेअर अपेक्षेपेक्षा खूप वर जातो. ब्लो ड्रायमध्ये हे वळण तात्पुरते मोडलेले असते, त्यामुळे चूक झाकली जाते. सलूनवाले हमखास म्हणतात, ‘जाताना तर तुम्ही खूश होता.’ मुलगी खूश होती हे खरेच आहे, कारण तेव्हा दोष दिसतच नव्हता. हे वाक्य आमच्या तक्रारीत आम्ही मुद्दाम घातले.

पुरावा म्हणून फोटो काढायचे ते पहिल्या धुण्यानंतर, केस नैसर्गिक सुकल्यावर, काही न लावता, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. मोजमाप शिंप्याच्या टेपने घ्यावे. मान सरळ, भांग मधोमध, कानाच्या पाळीच्या खालच्या टोकापासून केसाच्या टोकापर्यंत दोन्ही बाजू मोजायच्या. आमच्याकडे ३ सेंटिमीटरचा फरक निघाला. ‘कट वाईट झाला’ या वाक्यावर वाद घालता येतो, आवडीनिवडीचा प्रश्न म्हणता येते. ‘डावी बाजू ३ सेंटिमीटर आखूड आहे’ यावर तसा वाद घालता येत नाही.

आमच्या पत्राचा गाभा असा होता : ‘अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या बिलावर आपल्याकडे हेअर कट व हेअर स्पा करून घेतला. खालून दोन इंच, पुढचे लेअर हनुवटीखाली आणि थिनिंग नको, असे सांगितले होते. दाखवलेला फोटो सोबत जोडला आहे. प्रत्यक्षात माथ्याचा लेअर कानाच्या पातळीला आला आहे, दोन्ही बाजूंत ३ सेंटिमीटरचा फरक आहे आणि नको सांगूनही थिनिंग केले आहे. ही सेवेतील त्रुटी आहे. आपण पुढीलपैकी एक करावे. एक तर कुरळ्या केसांचा अनुभव असलेल्या वरिष्ठ स्टायलिस्टकडून, केस कोरडे असताना, विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी. अन्यथा बिलाची पूर्ण रक्कम परत करावी आणि दुसरीकडे दुरुस्ती करून घ्यावी लागल्यास तिचा खर्च द्यावा.’

दुरुस्ती मागताना तिच्या मर्यादाही पत्रात लिहाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्यांदा नुकसान होते. बाजू समान करायच्या तर लांब बाजू आखूड बाजूच्या मापाला आणावी लागते, तेवढी लांबी जाणारच. मधली पायरी कात्रीच्या टोकाने थोडी थोडी कापून मऊ करता येते. पण माथ्यावर जे गेले ते कोणीही परत लावू शकत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठ सेंटिमीटर भरून यायला सात-आठ महिने जातात. म्हणून आम्ही लिहिले की, बाजू समान करण्यापलीकडे लांबी कमी करायची नाही, थिनिंगची कात्री पुन्हा लावायची नाही आणि केस वाढत असताना आकार देण्यासाठी लागणारे पुढचे दोन ट्रिम विनामूल्य द्यायचे. जो कारागीर हे ऐकून ‘आधी सगळे एका लांबीला आणू’ म्हणेल, त्याच्या हाती पुन्हा डोके देऊ नये.

सलूनचा पहिला प्रस्ताव काय होता? मोफत स्मूदनिंग. फुगलेले केस सपाट झाले की कट झाकला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. हे आम्ही लेखी नाकारले आणि प्रत्येकाने नाकारावे असे मला कळकळीने वाटते. कात्रीची चूक रसायनाने दुरुस्त होत नाही, उलट केसाचे मूळ वळणच मोडते. शिवाय अशा काही उत्पादनांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो. माझ्या मुलीला तिचे कुरळे केस आवडतात. ते सरळ करून घ्यायला ती तिथे गेलीच नव्हती. दुसरा प्रस्ताव पुढच्या भेटीच्या व्हाउचरचा होता. ज्या हातावरचा विश्वास उडाला, त्याच हाताखाली पुन्हा बसण्याचे कूपन ही भरपाई होऊ शकत नाही.

काउंटरच्या मागे ‘सेवेचे पैसे परत मिळणार नाहीत’ अशी पाटी होती. पाटी लावल्याने कायदा पुसला जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचे पैसे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेवेचे बिल न देणे हेही त्याच व्याख्येत येते. म्हणून यूपीआयने पैसे भरून बिल न घेता बाहेर पडू नये. पैसे मी भरले आणि सेवा मुलीने घेतली, तरी तीही ग्राहकच.

नुकसानभरपाईची रक्कम मात्र मनाला येईल ती मागता येत नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एप्रिल २०१८ मध्ये एका महिलेने खालून चार इंच कापायला सांगितले होते. तिच्या तक्रारीनुसार कापणाऱ्याने वरून चार इंच ठेवून बाकी सगळे कापले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपये देण्याचा आदेश दिला, तेव्हा ती बातमी सर्वत्र गाजली. पुढचा भाग कमी जणांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सेवेत त्रुटी असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, पण एवढ्या रकमेला आधार देणारा पुरावा समोर नाही म्हणून रकमेचा आदेश रद्द केला आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. आम्ही म्हणूनच बिलाची रक्कम आणि दुसरीकडे दुरुस्ती करून घ्यावी लागल्यास तिचा बिलासह खर्च, एवढेच मागितले.

पत्र सलूनच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टने, अशा दोन्ही मार्गांनी पाठवले. नुसते फोनवर बोललो असतो तर आमच्या हातात काहीच राहिले नसते. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथेही जमले नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील असलाच पाहिजे असेही नाही.

आमच्या बाबतीत पत्र पोहोचल्यावर मालकीणबाईंचा स्वतःचा फोन आला. फोटो पाहून त्यांनी चूक मान्य केली आणि कटचे १,४०० रुपये परत केले. स्पा वेगळी सेवा होती, तिच्यात दोष नव्हता, असे त्या म्हणाल्या. त्यांचा हा मुद्दा विचारांती मला पटला, म्हणून ते पैसे आम्ही सोडले. दुरुस्ती मात्र मुलीने ठाण्याला जाऊन मावशीकडूनच करून घेतली.

सलूनचालकांकडे माझी एकच मागणी आहे. केसांना कात्री लावण्याआधी किती कापायचे ते खालून मोजून, ग्राहकाच्या मानेवर किंवा पाठीवर बोट ठेवून दाखवा आणि कार्डावर लिहा : ‘खालून इतके इंच, थिनिंग होय किंवा नाही, कोरडे किंवा ओले.’ त्याखाली ग्राहकाची सही घ्या. या एका ओळीला अर्धा मिनिट लागतो आणि ती कापणाऱ्या मुलामुलींनाही खोट्या तक्रारींपासून वाचवेल.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक