सतरा बटे दोन

इंदूर, 14 ऑगस्ट

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "विजेच्या बिलावरचा पत्ता तू कसा बदलून घेतलास?" मी सांगायला लागलो आणि तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली. तेव्हा आता बसून लिहितो. तुझ्या बाबांच्या घराचं बिलही तसंच चुकीचं येतंय, म्हणजे तुलाही हे करायचंच आहे.

आधी एक सांगतो. मी पत्ता बदलून घेतला नाही, दुरुस्त करून घेतला. तू हसशील, पण या एका शब्दापायी माझे दोन महिने गेले.

आमचं घर रामबागेत 17/2, तुला माहीतच आहे. निम्मं आयुष्य तू त्याच ओट्यावर काढलंस. बिलावर येत होतं 172. मधली तिरपी रेघ कुठे गळाली ते कळायला मला आप्पांची ट्रंक उघडावी लागली. तिच्यात हाताने लिहिलेली जुनी बिलं निघाली, त्यांवर शाईने स्वच्छ 17/2 आहे. पुढे छापील बिलं आली आणि पहिल्याच बिलापासून 172. वह्यांतलं कॉम्प्युटरवर चढवताना कुणाच्या तरी बोटाखाली रेघ राहिली. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही, कारण रीडिंग घेणारा माणूस घर ओळखून होता, त्याला आकड्याची गरजच नव्हती. आता बिल मोबाइलवर येतं. आपण रक्कम बघतो, पैसे भरतो, पत्ता कोण वाचतो?

वाचायची वेळ आली ती आधारपायी. दोन वर्षं मुलाकडे पुण्याला होतो तेव्हा आधारवर तिथला पत्ता केला होता, तो परत इथला करायचा होता. पुरावा म्हणून तीन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल चालतं, म्हणून घेऊन गेलो. केंद्रावरची मुलगी म्हणाली, "अंकल, बिल पर जो छपा है वही डालूँगी।" तिचं बरोबरच होतं. म्हणजे विजेच्या बिलावरची चूक आता आधारवर जाणार, तिथून बँकेत, तिथून आणखी कुठे. कागद गुंडाळून परत आलो.

आणि खरं तर मागच्याच उन्हाळ्यात एक इशारा मिळाला होता, मी कानाडोळा केला. भर दुपारी लाइनमन पक्कड घेऊन दारात उभा, हातात थकबाकीदारांची यादी. यादीत घर नंबर 172. खरं 172 आपल्या कॉलनीच्या पार त्या टोकाला आहे, रिकामंच असतं. नशीब, माणूस समजूतदार निघाला. त्यानं वर चढण्याआधी यादीतला मीटर नंबर आमच्या मीटरवरच्या नंबराशी ताडून पाहिला, "आपका नहीं है" म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्यांच्या लेखी घराची ओळख पत्त्यानं नसते. ती असते मीटर नंबरानं आणि आयव्हीआरएस नंबरानं, म्हणजे बिलावरच्या ग्राहक क्रमांकानं. पत्ता मागून येतो. पण थकबाकीच्या बाबतीत तो चांगलाच महागात पडू शकतो. जुन्या मालकाची बाकी त्याच जागेच्या नव्या मालकाकडे मागता येते, नियमांत तशी तरतूद असेल तर, हे 2023 साली सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलंय. बाकी माणसाबरोबर जागेलाही चिकटू शकते, आणि कागदोपत्री माझी जागा दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसली होती.

तर मी अर्ज लिहिला. आपल्याला शाळेत शिकवलं होतं तसा, नम्र विनंती वगैरे, आणि विषय घातला: "बिल का पता बदलने बाबत". वीज कंपनीच्या झोन ऑफिसात दिला आणि घरी येऊन निवांत झोपलो. दहा दिवसांनी एक पोरगा मोटारसायकलवरून आला. मीटर बघितला, गल्लीतला खांब बघितला आणि विचारलं, "शिफ्ट कहाँ करना है?" मी म्हटलं, कशाचं शिफ्ट? तर माझा अर्ज मीटर हलवण्याच्या गठ्ठ्यात गेला होता. त्यात जागेची पाहणी, खर्चाचा अंदाज, पैसे भरणं, असं सगळं रामायण असतं. त्या पोराचा काय दोष? त्याच्या कागदावर लिहिलंच होतं की पता बदलना है. मी त्याला समजावलं, त्यानं कागदावर काहीतरी खरडलं, आणि माझा अर्ज तिथेच संपला. मला वाटत राहिलं की काम चालू आहे.

महिनाभरानं गेलो तेव्हा तिथल्या एका वयस्क बाबूनं सगळं उलगडून सांगितलं. त्यांच्याकडे वरवर सारखी दिसणारी तीन कामं आहेत. मीटर दुसऱ्या जागी नेणं, कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर करणं, आणि छपाईतली चूक सुधारणं. पहिल्या दोन्हींना पैसे, फॉर्म, कागद असं बरंच लागतं. तिसरं खरं तर टेबलावर बसून होणारं काम आहे, फक्त ते तिसरंच आहे हे अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे. बाबू म्हणाला, "साब, 'बदलना' मत लिखो, 'सुधार' लिखो। और लिखो कि मीटर यथास्थान है।"

हे "यथास्थान" म्हणजे सगळ्या अर्जाचा प्राण. मीटर जागच्या जागी आहे, पहिल्यापासून तिथेच आहे, फक्त कागदावरचा आकडा चुकलाय.

मग दुसरा अर्ज लिहिला. हिंदीतच, कारण तो वाचणार तिथलाच माणूस. मराठीत सांगायचं तर असा: सहायक यंत्री यांस, विषय, मासिक बिलावरील सेवा पत्त्यातील छपाईची चूक सुधारण्याबाबत. खाली पहिल्याच ओळीत आयव्हीआरएस नंबर, मीटर नंबर आणि बिलावर आहे तसंच अक्षरशः माझं नाव. मग दोन ओळी एकाखाली एक: बिलावर छापलेला पत्ता हा, बरोबर पत्ता हा. त्यानंतर एकच परिच्छेद, की मीटर यथास्थान आहे, नाव, भार आणि वापराचा प्रकार यांत कोणताही बदल मागितलेला नाही, सर्व बिलं भरलेली आहेत. बास. आप्पांची ट्रंक, आधारची मुलगी, लाइनमन, यातलं काही लिहिलं नाही. लिहायची खुमखुमी फार होती, तुला माहीत आहे मी कसा आहे ते.

पुराव्याला काय जोडायचं यात मी पुन्हा एक चूक करणार होतो. आधार जोडायला निघालो होतो, आणि आधारवर तर पुण्याचा पत्ता! पण तो बरोबर असता तरी त्याचा फारसा उपयोग नव्हता. आधार सांगतं मी कुठे राहतो. इथे सिद्ध करायचं होतं की हा मीटर कुठे आहे. म्हणून जागेचे कागद लावले. नगर निगमच्या संपत्ती कराची चालू पावती, तिच्यावर 17/2 आहे. रजिस्ट्रीचं पहिलं पान आणि चतुःसीमेचं पान. आप्पांच्या जुन्या बिलाची झेरॉक्स, कारण तीत वीज ऑफिसच्याच हातचं 17/2 आहे. शेजारच्या 17/1 वाल्यांनी त्यांचं बिल दिलं, ते बरोबर छापलं जातं, आणि दोघांच्या केबल एकाच खांबावरून येतात. शेवटी मोबाइलवर काढलेले दोन फोटो. एकात मीटरची पाटी इतकी जवळून, की नंबर वाचता यावा. दुसऱ्यात मीटर, दरवाजा आणि दारावरची 17/2 ची पाटी, तिन्ही एका चौकटीत. हा दुसरा फोटो काढायला मला रस्त्यात नालीच्या कडेला उभं राहावं लागलं, पण बाबूनं बाकी गठ्ठा बाजूला सारून आधी तोच पाहिला.

अर्जाच्या दोन प्रती ने. एक आवक-जावकला दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. माझ्या पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक मी घेतलाच नव्हता, म्हणून तो कुठल्या गठ्ठ्यात मेला ते शोधायलाही काही हातात नव्हतं. वीज कंपनीच्या 1912 वर फोन केला तर तक्रारीचा नंबर मिळतो, पण फोनला रजिस्ट्री जोडता येत नाही. आणि झोननं दाद दिलीच नाही तर वीज अधिनियम 2003 च्या कलम 42 खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर लोकपाल. तिथेही पहिला प्रश्न हाच, की आधी अर्ज दिल्याची पोच कुठे आहे?

पुढचं बिल आलं, मी उत्साहानं उघडलं, तर पुन्हा 172! चडफडत गेलो. बाबू शांतपणे म्हणाला, तुमच्या अर्जाच्या आधीच त्या महिन्याचं बिल निघालं होतं. खरंच, बिलाची तारीख अर्जाच्या दोन दिवस आधीची होती. त्याच्या पुढचं बिल बघितलं तर पत्रव्यवहाराच्या पत्त्यात 17/2 आणि सेवा पत्त्यात अजून 172. सुधारणा चुकीच्या रकान्यात झाली होती. पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणजे बिल कुठे पाठवायचं, सेवा पत्ता म्हणजे वीज कुठे पोचते. मी आधी फक्त वरचा पत्ता वाचून बायकोला पेढे आणायला सांगितले होते. तिसऱ्या बिलात दोन्ही ठीक झाले. पेढे तोवर संपले होते.

दुरुस्त बिल आलं की पत्त्याबरोबर मीटर नंबर, भार, वापराचा प्रकार, मागची बाकी आणि सुरक्षा निधीची रक्कमही जुन्या बिलाशी ताडून बघ. एक रकाना सुधारताना दुसरा हलू शकतो, आणि तुझ्या बाबतीत समोरच्या घराचं काही तुझ्या खात्यात आलं तर निस्तरणं कठीण.

आता तुझं. बिल तुझ्या बाबांच्या नावावर आहे आणि गल्लीचा नंबरही चुकलाय, म्हणजे तुझी कामं दोन. ती एका अर्जात घालू नकोस, नाही तर नामांतराच्या गठ्ठ्यात दोन्ही बसतील. मी बाबूला तुझं नाव न सांगता विचारून ठेवलंय. तो म्हणाला, आधी पत्ता सुधारून घ्या, कारण नामांतराला रजिस्ट्री लागेल आणि रजिस्ट्रीवरची जागा बिलावरच्या जागेशी जुळली नाही तर ते अडेल. पत्त्याचा अर्ज तू वारस म्हणून दे, बाबांचा मृत्यू दाखला जोड. नामांतराच्या वेळी ताईची लेखी संमती लागेल, तिला आत्ताच सांगून ठेव.

तुझ्या मीटरच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली वरच्या भाडेकरूकडे. रविवारी सकाळी जाऊन दोन्ही फोटो काढून पाठवतो. तू फक्त रजिस्ट्रीची ती दोन पानं आणि शेवटचं बिल पाठव. बिलाचं मागचं पानही पाठव, तू नेहमी पुढचंच पाठवतोस.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
दिगू