रंगावरून चिडवलं, तर नोंद काय करायची? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सन्माननीय महोदय,

‘काळ्या’, ‘डांबर’, ‘कोळसा’, ‘दात दाखव, म्हणजे दिसशील’ ही वाक्यं राज्यातल्या कोणत्याही वर्गात ऐकू येतात. शाळेच्या दप्तरात मात्र ती कुठेच सापडत नाहीत. आम्ही शाळांमध्ये शिकवणारे आणि मुलांचं समुपदेशन करणारे लोक आहोत. या नोंदीबद्दल आमची एक नेमकी मागणी आहे.

महाविद्यालयांसाठी नियम स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती केली आणि रंगावरून किंवा दिसण्यावरून दिलेला मानसिक त्रास तिच्यात नाव घेऊन घातला. शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. ते मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं, पण त्यात रंगाचा उल्लेख नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांना ही तक्रार कुठल्या सदरात घालावी हे कळत नाही आणि ती ‘मुलांची आपापसातली मस्करी’ ठरते. तक्रारपेट्या आहेत, सखी सावित्री समित्याही आहेत. पेटीतून निघालेल्या चिठ्ठीचं पुढे काय लिहायचं, याचा नमुना तेवढा नाही.

नमुना नसला की काय होतं, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, सातवीतल्या मुलीने तक्रार केली. नोंदवहीत सहसा असं लिहिलं जातं : ‘विद्यार्थिनी सावळी असल्याने मुले चिडवतात. समज दिली.’ या ओळीत दोन दोष आहेत. पहिला, मुलीचा रंगच त्रासाचं कारण ठरला. दुसरा, कोण, कधी, काय म्हणालं हे काहीच उरलं नाही. महिन्याने तीच मुलगी परत आली, तर हा तोच प्रकार आहे की नवा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

तीच नोंद अशी हवी : ‘मंगळवार, मधली सुट्टी, नळाजवळ. वर्गातल्या दोन मुलांनी (हजेरी क्रमांक अमुक) “अमावस्या आली, लाईट लावा” असे म्हटले. तिघे हसले. एका मैत्रिणीने ऐकले. याच आठवड्यात दुसऱ्यांदा, असे मुलगी सांगते. तेव्हापासून ती डबा वर्गातच खाते.’ शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. ‘अपशब्द वापरले’ असं गुळमुळीत लिहून चालत नाही, कारण एकेकटा शेरा किरकोळ वाटतो, पण तेच शब्द तीन नोंदींत दिसले की सातत्य सिद्ध होतं. शेवटचं वाक्य तर सर्वांत महत्त्वाचं. डबा, बाकावरची जागा, गैरहजेरी, स्नेहसंमेलनातून काढून घेतलेलं नाव यांतला बदल नोंदला, तरच इजा कागदावर दिसते.

नोंद त्याच दिवशी व्हावी आणि मुलाला एकट्याने बसवून, एकदाच विचारून व्हावी. वर्गासमोर ‘कोण काय म्हणालं, सांग’ असं विचारलं की तो शब्द चाळीस जणांना नव्याने मिळतो. ‘सॉरी म्हणा, हात मिळवा’ एवढ्यावर मिटवलेलं प्रकरण बहुतेकदा शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर पुन्हा सुरू होतं. म्हणून आठव्या आणि तिसाव्या दिवशी त्याच पानावर पुन्हा विचारणा लिहावी. ‘मला काही वाटत नाही’ असं मूल म्हणालं, तर तेही जसंच्या तसं लिहावं, पण तिथे नोंद बंद करू नये. टोपणनाव पक्कं झालं की मुलं स्वतःच त्याला ओ देऊ लागतात.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो काळा करून किंवा स्टिकर बनवून टाकला असेल, तर तो ‘सर्वांसाठी डिलीट’ होण्याआधी पालकांनी स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसायला हवी. कापलेला स्क्रीनशॉट पुढे उपयोगी पडत नाही. मूळ संदेशही फोनमधून काढू नये.

शेरा शिक्षकाचा असेल, तर पान वेगळं हवं. ‘गोऱ्या मुली पुढच्या रांगेत’, ‘राक्षस तू हो, मेकअप लागणार नाही’ हे स्नेहसंमेलनाच्या तालमीत सर्रास ऐकू येतं आणि आम्हाला याचा सर्वाधिक संताप आहे, कारण वर्गाला परवानगी तिथूनच मिळते. अशी नोंद त्या शिक्षकाच्या हाती राहता कामा नये. ती मुख्याध्यापकांकडे आणि तिची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी. रंगाच्या शेऱ्यात जातीचा उल्लेख असेल, तर तो शब्दही गाळू नये, कारण मग अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा प्रश्न येतो. निव्वळ रंगावरच्या शेऱ्याला तो कायदा लागू होत नाही.

या नमुन्याचं एक पान शासन निर्णयासोबत जोडून जूनमध्ये शाळा उघडण्याआधी सर्व व्यवस्थापनांच्या शाळांना पाठवावं, ही आमची मागणी आहे. पालकाने मागितल्यास आपल्या मुलाच्या नोंदीची प्रत त्याला मिळावी. त्यात इतर मुलांची नावं झाकलेली असावीत. आणि नोंदींच्या संख्येवरून शाळेचं मूल्यांकन करू नये. तसं केलंत, तर पहिल्याच वर्षी सगळ्या नोंदवह्या कोऱ्या येतील.

आपले,
शाळांत अध्यापन आणि समुपदेशन करणारे आम्ही काही जण