वीस हजारांचा चेक लिहिताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

घरमालकांना डिपॉझिटचे वीस हजार चेकने द्यायचे आहेत आणि चेकबुक पहिल्यांदाच हातात घेते आहेस, असं तू काल फोनवर म्हणालीस. ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. मी क्लिअरिंगच्या टेबलावर बसून हजारो चेक तपासले आहेत. कोणत्या जागी काय होतं ते डोळ्यांसमोर आहे.

सगळ्यात आधी रक्कम, कारण फेरफार होतो तो तिथेच. तू मराठीत लिहिणार असशील तर जरूर लिही, बँकेला ते चालतं. पण समज, तू अक्षरी रकमेच्या ओळीवर छापील ‘रुपये’नंतर बोटभर जागा सोडून ‘वीस हजार’ लिहिलंस आणि चौकटीत 20,000. आता एखाद्याने 20 मधल्या शून्याच्या पोटात एक आडवी रेघ ओढून त्याचा 8 केला आणि ‘वीस’च्या आधी सोडलेल्या जागेत ‘अठ्ठा’ घातलं, तर चेक अठ्ठावीस हजारांचा झाला. एकही अक्षर खोडावं लागलं नाही, आणि आपल्या लिपीतली शिरोरेषा जोडली की सांधा दिसतही नाही. जागा आणखी मोठी असेल तर ‘एक लाख’ही बसतं आणि चौकटीत 20,000 च्या आधी एक 1 आणि स्वल्पविराम. म्हणजे 1,20,000.

म्हणून पहिला शब्द छापील ‘रुपये’ला अगदी चिकटून सुरू कर. शब्दांमध्ये फार अंतर नको. शेवटी ‘फक्त’ लिही आणि उरलेल्या सगळ्या ओळीवर आडवी रेघ मार, दुसरी ओळ रिकामी असेल तर तिच्यावरही. चौकटीत आकडा रुपयाच्या चिन्हाला खेटून, 20,000/- असा. शून्यं घट्ट मिटलेली काढ, आणि पुढे कधी 1 लिहिशील तेव्हा त्याचा 7 किंवा 4 होणार नाही इतका सरळ लिही.

अक्षरी आणि आकडी रकमेत फरक पडला तर काय, असं तू विचारशील. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 18 सांगतं की शब्दांत लिहिलेली रक्कम खरी धरायची. प्रत्यक्षात मात्र बँका असा चेक परत पाठवतात. कलम 89 अधिक महत्त्वाचं आहे. केलेला फेरफार वरवर दिसत नसेल आणि बँकेने रीतसर दक्षतेने पैसे दिले असतील, तर ते बँकेला संरक्षण देतं. मग सोडलेल्या जागेचा भुर्दंड तुझ्या पदरात पडू शकतो. माझा एवढा आग्रह त्यासाठी आहे.

पेन आपलंच वापर, शाई न पुसली जाणारी, निळी किंवा काळी. कर्जाची किंवा विम्याची कागदपत्रं भरायला आलेला कुणी ‘मी भरतो, तुम्ही फक्त सही करा’ म्हणत स्वतःचं पेन काढेल, तर थांब. पुसता येणारी शाई बाजारात मिळते. बाकी मजकूर पुसून नवा लिहिता येतो आणि तुझी सही तुझ्या पेनाची, अस्सल, तशीच राहते.

आता नाव आणि क्रॉसिंग. घरमालकांचं नाव त्यांच्या बँक खात्यात आहे तसं पूर्ण लिही, नुसतं आडनाव नको, आणि पुढच्या जागेवर रेघ मार. मग डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन समांतर तिरक्या रेघा ओढ आणि त्यांच्या मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिही. नुसत्या दोन रेघांनी एवढंच होतं की काउंटरवर रोख मिळत नाही, पैसे कुणाच्या तरी खात्यातच जातात. ते कुणाच्या, हे मात्र त्या रेघा ठरवत नाहीत. ‘अकाउंट पेयी’ लिहिल्यावर ज्याचं नाव चेकवर आहे त्याच्याखेरीज दुसऱ्याच्या खात्यात तो जमा करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे. नावाच्या ओळीशेवटी छापलेले ‘या धारक को’ हे शब्दही खोड. ते तसेच राहिले आणि क्रॉसिंग नसलं, तर चेक ज्याच्या हाती पडेल तो काउंटरवर पैसे मागू शकतो. क्रॉसिंगचा रकमेशी काही संबंध नाही, हेही लक्षात ठेव. अठ्ठावीस हजारांचा झालेला चेक अकाउंट पेयी असूनही घरमालकांच्या खात्यात अठ्ठावीस हजारांनीच जमा होईल.

तारीख आठही चौकटींत पूर्ण भर. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, 1 एप्रिल 2012 पासून ती तीन झाली, त्यामुळे जुन्या पिढीतलं कुणी ‘सहा महिने आहेत’ म्हणालं तर ऐकू नकोस. पुढची तारीख घातलीस तर त्या तारखेआधी बँक पैसे देत नाही. घरमालक म्हणतील, ‘तारीख राहू दे, मी टाकतो’. तर नम्रपणे नाही म्हण. कोऱ्या तारखेच्या चेकची मुदत कधी सुरू होणार ते तुझ्या हातात राहत नाही, आणि वर्षभराने खात्यात पैसे नसताना तो भरला गेला तर परत येतो.

लिहिताना चूक झाली तर खोडून बाजूला सही करायची, ही जुनी सवय आता चालत नाही. हल्ली चेकचा कागद तुझ्या बँकेपर्यंत जात नाही, त्याची प्रतिमा जाते. अशा क्लिअरिंगमध्ये नाव किंवा रक्कम बदललेला चेक स्वीकारत नाहीत. मुदत वाढवायला बदललेली तारीख, तीही तुझ्या पूर्ण सहीनिशी, एवढाच अपवाद. मुदत संपत आली असेल तरी मी म्हणेन, जुना परत घे आणि नवा लिही. चुकलेल्या चेकवर ‘रद्द’ लिहून तो फाडून टाक, पण त्याचा नंबर नोंदव. खालच्या पांढऱ्या पट्टीवर, जिथे नंबर छापलेले असतात, सहीचं शेपूटही जाऊ देऊ नकोस.

पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी जानेवारी 2021 पासून पॉझिटिव्ह पे ही सोय आहे. चेक दिल्यावर बँकेच्या ॲपवर तारीख, नाव आणि रक्कम कळवायची, बँक ती चेकशी ताडून पाहते. तुझा चेक वीस हजारांचा असल्यामुळे हे कवच त्याला मिळणार नाही. म्हणून देण्याआधी चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढ, आणि स्थळप्रतीवर तारीख, नाव, रक्कम भर. पैसे कापल्याचा मेसेज आला की आकडा फोटोशी जुळव. एका रुपयाचाही फरक असला तर त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार दे आणि पोच घे. आणि चेक हरवला असं घरमालक म्हणाले, तर नवा देण्याआधी जुन्याचं पेमेंट थांबवायला बँकेला कळव.

चेक भरून झाला की मला फोटो पाठव, मी बघून सांगते.

तुझी,
आई