विषय: अ‍ॅपच्या डेमो व्हिडिओतल्या चुकीच्या जागी पडणाऱ्या चौकटी आणि अस्पष्ट झूम यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
व्हिडिओ निर्मिती विभाग

महोदय,

गूळ अडत दुकानांच्या हिशेबासाठी आम्ही तयार केलेल्या अ‍ॅपचा डेमो व्हिडिओ आपल्याकडून करून घेतला. निवेदकाचा आवाज उत्तम आहे, बोलणं कोल्हापूरच्या माणसाला आपलं वाटेल असं आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. तक्रार आहे ती पडद्यावर जे दिसतं त्याची. आपल्या कार्यालयात फोन केला तेव्हा "तुमच्या स्क्रीनचा प्रॉब्लेम असेल" असं उत्तर मिळालं, म्हणून हे सविस्तर लेखी देत आहे.

सर्वांत गंभीर चूक शेतकऱ्याची पट्टी करण्याच्या भागात आहे. त्या पानावर कपातीच्या ओळी एकाखाली एक आहेत: हमाली, तिच्याखाली तोलाई, तिच्याखाली इतर खर्च. निवेदक म्हणतो, "इथे हमाली भरा." त्याच क्षणी लाल चौकट येते ती तोलाईच्या ओळीवर. शाहू मार्केट यार्डातल्या एका दुकानाच्या दिवाणजींनी व्हिडिओ बघून तसंच भरलं. मी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या व्हिडिओत लाल केलंय तिथंच भरलंय की!" त्यांचं काय चुकलं? एकूण कपात तेवढीच राहिल्याने पट्टीची बेरीज बरोबर आली आणि त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. हमालांचा हिशेब करायला बसल्यावर रक्कम तोलाईच्या खात्यात सापडली.

हे का झालं ते आपल्या एडिटरनेही बघावं. त्याने झूम फक्त स्क्रीन रेकॉर्डिंगच्या क्लिपला दिला आहे. कॉलआउटच्या चौकटी वरच्या वेगळ्या ट्रॅकवर आहेत आणि त्या झूमबरोबर हलत नाहीत. आपली फ्रेम १९२० × १०८० ची, म्हणजे तिचा मध्य ९६०, ५४० वर. हमालीच्या रकान्याचा मध्य झूम होण्यापूर्वी साधारण १०४०, ४०० वर येतो आणि ओळीची उंची ४६ पिक्सेल आहे. मध्य धरून १५० टक्के झूम केला की प्रत्येक बिंदूचं मध्यापासूनचं अंतर दीडपट होतं. हमाली मध्याच्या वर १४० पिक्सेलवर होती, ती २१० वर गेली, म्हणजे ३३० वर. तोलाई ४४६ वर होती, म्हणजे मध्याच्या वर ९४. ती १४१ झाली आणि ओळ येऊन बसली ३९९ वर. चौकट मात्र होती तिथेच, ४०० वर. म्हणजे तोलाई अगदी नेमकी चौकटीत! आडव्या दिशेने फरक फक्त ४० पिक्सेलचा पडतो आणि रकाना रुंद आहे, त्यामुळे चौकट चुकली आहे अशी शंकाही येत नाही.

"मग चौकट थोडी वर सरकवतो," असं आपल्या माणसाने फोनवर सुचवलं. तेवढ्याने भागणार नाही. मध्यापासून जितकं दूर तितका फरक मोठा, आणि जवळ आलं की कमी. तोलाईची चौकट बघा: ती ४७ पिक्सेलनेच चुकते आणि तोलाई व इतर खर्च या ओळींच्या मध्येच लोंबकळते. खात्री करायची असेल तर व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून झूम सुरू होण्याच्या जागी थांबवा आणि E ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. चौकट जागची हलत नाही आणि खालचं पान तिच्याखालून सरकत जातं, हे स्वच्छ दिसेल. रेकॉर्डिंग आणि त्यावरचे कॉलआउट यांचा एक ग्रुप करून झूम त्या ग्रुपला दिला, तर दोन्ही एकत्र हलतील. आफ्टर इफेक्ट्समध्ये काम केलं असेल तर हेच प्रीकॉम्पने होईल. हे एडिटिंगमधलंच काम आहे, यासाठी नव्याने रेकॉर्डिंग करावं लागत नाही.

नवीन रेकॉर्डिंग लागणार आहे ते दुसऱ्या कारणासाठी. चौकट चुकली तरी ओळीचं नाव वाचून दिवाणजींना चूक कळली असती, पण नाव वाचताच येत नाही. "फाइल १०८०पी आहे" हे आपलं म्हणणं खरं आहे, पण फाइल मोठी असली म्हणून आतलं चित्र मोठं होत नाही. आपण पाठवलेल्या मूळ क्लिपच्या प्रॉपर्टीज पाहिल्या, त्या १३६६ × ७६८ च्या आहेत. ते चित्र १०८०पी फ्रेममध्ये बसवतानाच सुमारे १.४ पट ताणलं गेलं, वर १५० टक्के झूम, म्हणजे एकूण दुपटीहून जास्त. झूममध्ये दिसणारे जेमतेम ९१० पिक्सेल १९२० वर पसरवले आहेत. इंग्रजी अक्षरं एवढं सोसतात, देवनागरीत आधी अनुस्वार आणि रफार जातात. आकड्यांत दशांश चिन्ह जातं: १२.४० क्विंटल वजन आमच्या मोठ्या टीव्हीवरही १२४० वाचलं जातं. शार्पन करून हे परत येणार नाही, कारण जे पिक्सेल टिपलेच नाहीत ते आणायचे कुठून?

त्यासाठी ३८४० × २१६० च्या पडद्यावर, विंडोजचं स्केलिंग २०० टक्के ठेवून रेकॉर्ड करावं. मग १०८०पी मध्ये दुपटीपर्यंत झूम केला तरी चित्र ताणलं जात नाही. तसा मॉनिटर नसेल तर आमचं अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालतं. पूर्ण १९२० × १०८० च्या पडद्यावर ब्राउझरच १५० टक्के करून रेकॉर्ड करा, म्हणजे त्या भागात एडिटिंगचा झूम लागणारच नाही.

कर्सरबद्दलही सांगतो. बाण रेकॉर्डिंगमध्येच कायमचा छापला गेला आहे आणि पिवळं वर्तुळ नंतर हाताने कीफ्रेम लावून वर ठेवलं आहे. त्यामुळे बाण बटणावर पोचतो, पुढचं पान उघडतं आणि वर्तुळ त्यानंतर धावत येतं. नवीन रेकॉर्डिंग करताना कर्सर वेगळा साठवणारं सॉफ्टवेअर वापरा, म्हणजे त्याचा आकार आणि हायलाइट नंतर हवा तसा बदलता येईल. आणि झूम क्लिकच्या आधी संपून पान क्षणभर स्थिर राहू द्या. आता दोन्ही एकाच वेळी होतात, त्यामुळे नेमकं काय दाबलं ते कळत नाही.

आवाज बदलू नये. तो ऐकतच स्क्रीनवरच्या क्रिया पुन्हा कराव्यात, वेळ जुळेल.

दिवाळी पाडव्याला यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो आणि नवीन दुकानं त्याच सुमारास अ‍ॅप सुरू करतात. दुरुस्त व्हिडिओ त्याआधी पंधरा दिवस मिळावा, सोबत एडिटिंगची प्रोजेक्ट फाइलही द्यावी, कारण कपातीच्या ओळी पुढे बदलल्या तर चौकटी आम्हालाच हलवाव्या लागतील. हे काम कुठल्याही जादा शुल्काशिवाय व्हावं अशी मागणी आहे. पट्टीचा भाग तपासून बरोबर आढळेपर्यंत बिलाची उरलेली रक्कम दिली जाणार नाही. सध्याचा व्हिडिओ आम्ही ग्राहकांकडून मागे घेतला आहे. आपल्या कामाचे नमुने म्हणून आपणही तो कुणाला दाखवू नये.

दुरुस्तीचं काम कोण करणार आणि कधी सुरू होणार, हे आठवड्याभरात लेखी कळवावं.

आपला ग्राहक,
अडत हिशेब अ‍ॅपचा निर्माता,
कोल्हापूर

सोबत: चुकलेल्या फ्रेमचे स्क्रीनशॉट, मूळ क्लिपच्या प्रॉपर्टीजची प्रत