ऑपेराला यायच्या आधी एवढं वाचून ठेवा

प्रिय आई-बाबा,

तिकिटं काढली! व्हिएन्नाच्या श्टाट्सओपरला मोत्सार्टचं 'मॅरेज ऑफ फिगारो'. बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत की मागच्या वेळी म्युझिकल दाखवलंस त्यातही गाणी, यातही गाणी, मग फरक काय, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही म्हणून आता लिहितेय.

लोक सांगतात की म्युझिकलमध्ये बोलतात आणि ऑपेरात सगळं गातात. पण ते काही खरं नाही, मोत्सार्टच्याच 'मॅजिक फ्लूट'मध्ये चक्क संवाद आहेत आणि 'ले मिझराब्ल' हे म्युझिकल असून जवळपास सगळं गायलेलं आहे. मला विचाराल तर खरा फरक माइकचा. म्युझिकलमध्ये नटाच्या केसात, कपाळापाशी बारीक माइक लपवलेला असतो, त्यामुळे तो कुजबुजू शकतो, नाचता नाचता गाऊ शकतो, आणि शब्द आधी, सूर नंतर असं चालतं. ऑपेरात सहसा माइक नाहीच. समोर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजतोय आणि त्याच्यावरून एका माणसाचा आवाज वरच्या शेवटच्या गॅलरीपर्यंत पोचवायचा, म्हणून तो आवाज वर्षानुवर्षं तसा घडवलेला असतो. पहिल्यांदा ऐकताना हे लोक एवढं गोल, भरलेलं का गातात असं वाटतं ना, त्याचं कारण हेच. तशी रचना बघितली तर आपलं संगीत नाटक म्युझिकलच्या जवळचं, संवाद मग पद, पण जुने नट माइकशिवाय गायचे ते मात्र ऑपेरासारखं.

आता फिगारो. पडदा उघडतो तेव्हा फिगारो खोलीची मापं घेतोय, पाच, दहा, वीस, तीस, छत्तीस, त्रेचाळीस असे आकडे तो चक्क गातो आणि त्याची होणारी बायको सुझाना आरशात टोपी बघतेय. हे झालं दोघांचं गाणं. ते संपलं की ऑर्केस्ट्रा गप्प होतो, फक्त हार्प्सिकॉर्डचे (तारांचं कीबोर्डसारखं वाद्य) मधेमधे सूर, आणि ती दोघं भराभर बोलल्यासारखं गातात, काय मोजतोयस, पलंग बसतो का बघतोय वगैरे. याला रेसिटेटिव्ह म्हणतात. आई, तू पोथी वाचतेस ना, सूर असतो पण ताल नाही, तसंच काहीसं, फक्त याचा वेग बोलण्याचा. गोष्ट पुढे सरकते ती यातच, म्हणून तेव्हा समोरच्या सीटच्या मागे असलेल्या छोट्या स्क्रीनवरचं भाषांतर वाचा, नाहीतर कोण कोणाला फसवतंय ते कळणार नाही.

आरिया म्हणजे याच्या उलट, गोष्ट थांबते आणि एक माणूस मनातलं गातो. तिसऱ्या अंकात काउंटेस, म्हणजे फिगारोच्या मालकाची, काउंटची बायको, एकटी आहे. आधी रेसिटेटिव्ह, पण इथे हार्प्सिकॉर्ड नाही, ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं तिच्या वाक्यांमध्ये दचकल्यासारखी येतात: सुझाना अजून आली नाही, नवऱ्याला पकडायला माझ्या मोलकरणीशी, या सुझानाशीच, कपडे बदलायची वेळ माझ्यावर आली. मग आरिया सुरू, 'दोवे सोनो', म्हणजे ते सुंदर क्षण गेले कुठे. संथ सुरुवात, थोडेच शब्द, तेच परत परत, आणि शेवटी लय वाढते कारण तिला आशा वाटायला लागते की माझ्या निष्ठेने तो बदलेल. यात कथा इंचभरही पुढे जात नाही पण ती बाई कोण आहे ते कळतं. इथे स्क्रीन बघू नका, तिच्याकडे बघा.

आवाजांचं एकच सांगते. आपल्याकडे गायक स्वतःचा सा ठरवतो, कोणी काळी चार, कोणी पांढरी पाच. इथे संगीतकाराने पट्टी लिहून ठेवलेली, ती सहसा बदलत नाहीत, म्हणून भूमिका आवाजाच्या जातीवर ठरते. बायकांमध्ये उंच सोप्रानो, खालचा मेझो, पुरुषांमध्ये उंच टेनर, मधला बॅरिटोन, खर्जाचा बेस. फिगारोमध्ये गंमत अशी की नायक टेनर नाही, फिगारो आणि काउंट दोघेही खालच्या आवाजाचे, मालक-नोकर बरोबरीने भिडतात ते आवाजातही ऐकू येतं. सुझाना आणि काउंटेस दोघी सोप्रानो, तरी सुझानाचा आवाज सहसा हलका, चपळ आणि काउंटेसचा भरदार. आणि केरुबिनो नावाचा वयात आलेला पोरगा आहे, तो मेझो बाई पुरुषवेषात गाते! बाबा, तुमच्या बालगंधर्वांच्या बरोब्बर उलट.

तीन तासांच्या वर चालतं, मध्यंतर बहुतेक दुसऱ्या अंकानंतर, म्हणजे काउंटेसचं गाणं त्याच्यानंतर. आई, गुडघ्यासाठी कडेच्या सीट घेतल्यात, पाय लांब करता येईल.

तुमची लेक