तक्रार: ४०० घनफुटांचे १५ घनमीटर झाले कसे?

दिनांक: १२ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
विक्री व बिलिंग विभाग

विषय: स्लॅबचं काँक्रीट आणि एम-सँड यांचं घनफुटातून घनमीटरात चुकीचं रूपांतर करून जास्तीचं बिल लावल्याबाबत.

महोदय,

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. यंदा कापूस विकून आलेल्या पैशात घराचा स्लॅब टाकायला घेतला. पाऊस लागायच्या आत काम उरकायचं, मजूर मिळत नाहीत, म्हणून मिक्सर लावण्याऐवजी तुमच्याकडून तयार एम-२० काँक्रीट मागवलं. मालाबद्दल तक्रार नाही, स्लॅब चांगला बसला. तक्रार हिशोबाची आहे.

मी तुमच्या ऑफिसात फोनवरून माप फुटातच दिलं होतं, कारण आमच्याकडे मिस्त्री फुटातच बोलतो. स्लॅब ३२ फूट लांब, २४ फूट रुंद, जाडी ५ इंच. म्हणजे ७६८ चौरस फुटांना पाच बारांश फुटाने गुणलं की ३२० घनफूट. स्लॅबच्या खाली उतरणाऱ्या बीमचा भाग ९ इंच रुंद आणि १० इंच खोल, अशी एकूण लांबी १२८ फूट. त्याचे ८० घनफूट. दोन्ही मिळून बरोबर ४०० घनफूट. हा आकडा तुमच्याच मुलाने फोनवर परत वाचून दाखवला, त्यात काही चूक नव्हती.

चूक त्याच्या पुढे झाली. तुमच्या ऑर्डरच्या पावतीवर ‘१४.८१, राउंड १५ घनमीटर’ असं लिहून आलं. मी सही केली, हे मान्य करतो. घनमीटर म्हणजे नेमका किती हे तेव्हा मला कुठे माहीत होतं! ६ घनमीटरच्या दोन गाड्या आणि ३ घनमीटरची तिसरी, असं ठरलं.

स्लॅबच्या दिवशी दुसरी गाडी पुरती रिकामी व्हायच्या आतच स्लॅब आणि बीम भरून झाले. उरलेलं घमेल्या-घमेल्याने उचलून ओट्याच्या पायरीत घातलं. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, तिसरी गाडी कायले मांगवली?” मी लगेच फोन लावला, पण ती गाडी निघून गेली होती. तुमचा प्लँट इथून ४० किलोमीटर. काँक्रीट गाडीत भरल्यापासून दोन तासांत खाली व्हावं लागतं, ड्रममध्ये आवळलं तर गाडीच जाते, म्हणून ड्रायव्हर ते परत न्यायला तयार होईना. त्याचंही चूक नाही. शेवटी ते ३ घनमीटर खताच्या खड्ड्याशेजारी ओतलं. घनमीटरला साधारण २४०० किलो धरले तर ७ टनांहून जास्त दगड आता तिथे पडून आहे, आणि घणाने फुटत नाही.

रात्री पावती घेऊन बसलो. ४०० ला १४.८१ ने भागलं तर उत्तर २७ आलं. तिथेच सगळं उघड झालं. तुमच्या माणसाने एक मीटर म्हणजे तीन फूट धरलं आणि तीन गुणिले तीन गुणिले तीन करून २७ ने भागलं. पण तीन फुटांचा असतो तो गज. मीटर त्याच्यापेक्षा मोठा, ३ फूट आणि वर जवळजवळ ३ इंच ३ सूत. कापड मोजताना एवढा फरक कोणी मनावर घेत नसेल. पण घनमीटरात तो लांबीत येतो, रुंदीत येतो आणि उंचीतही येतो, आणि तिन्ही एकमेकांना गुणले जातात. म्हणून एका घनमीटरात २७ नाही, ३५.३१ घनफूट बसतात. २७ ने भागलं की माल सरळ ३१ टक्के जास्त दिसतो.

बरोबर हिशोब असा: ४०० भागिले ३५.३१ म्हणजे ११.३३ घनमीटर. सांडलवंड धरून १२ घनमीटर, म्हणजे नेमक्या दोन गाड्या. तुम्ही पाठवलेले १५ घनमीटर म्हणजे ५३० घनफूट होतात.

तुमच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं की काँक्रीट दाबल्यावर बसतं, कोरा माल १.५४ पट लागतो, म्हणून जास्त लावलं. साहेब, हा १.५४ चा आकडा जागेवर सिमेंट, रेती, गिट्टी सुटी मोजून कालवतात तेव्हाचा. सुट्या मालात पोकळी असते, पाणी पडून दाबला की तो बसतो. तुम्ही विकता ते कालवलेलं ओलं काँक्रीट, त्याची मोजणी बसलेल्या मालाचीच असते. आणि तुमचं म्हणणं खरं धरलं तरी ११.३३ ला १.५४ ने गुणून साडेसतरा आले असते, १४.८१ नाही. १४.८१ फक्त २७ नेच येतो.

दुसरी गोष्ट रेतीची, आणि ती मला जास्त लागली. प्लास्टरसाठी तुमच्याकडून ३ ब्रास एम-सँड घेतली. ट्रॉल्या मी स्वतः टेपने मोजल्या होत्या: आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट खोल, पाटा फिरवून काठाबरोबर सपाट. एका ट्रॉलीत १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, अशा तीन आल्या. ३०० घनफुटांचे ८.५ घनमीटर होतात. बिलात मात्र ११.११ घनमीटर. पुन्हा तेच २७. काँक्रीट निदान उतरलं तरी, इथे २.६१ घनमीटर रेती आलीच नाही आणि पैसे लागले. ओली रेती फुगून जास्त दिसते, तो वाद मी काढत नाही. ट्रॉलीत जेवढी दिसली तेवढी पूर्ण धरली आहे.

माझी मागणी अशी. काँक्रीटचे ३ घनमीटर, जीएसटीसकट ५,२०० रुपये दराने १५,६०० रुपये. आणि रेतीचे २.६१ घनमीटर, १,५०० रुपये दराने ३,९१५ रुपये. एकूण १९,५१५ रुपये माझ्या खात्यात परत करावेत. खड्ड्याशेजारचा दगड उचलायचा खर्च मी मागत नाही, सही माझीही होती. पण दर घनमीटरचा लावणारे तुम्ही आणि माप फुटात घेणारेही तुम्हीच, तेव्हा मधला भागाकार तुमच्या अंगावर आहे.

याशिवाय तुमच्या कॉम्प्युटरवरच्या ज्या तक्त्यात २७ लिहिलं आहे तिथे ३५.३१ करावं, आणि पावतीवर घनमीटरच्या शेजारी घनफूटही छापावेत. माझ्या पावतीवर ‘१५ घनमीटर, ५३० घनफूट’ असं असतं तर मी तिथल्या तिथे फोन केला असता. आमच्या गावातल्या आणखी दोघांनी याच महिन्यात तुमच्याकडून माल घेतला आहे. त्यांच्याही पावत्या मी पाहिल्या. त्यांचा भागाकारही २७ चाच आहे, त्यांच्या तक्रारी वेगळ्या येतील.

सोबत ऑर्डरची पावती, तिन्ही गाड्यांची चलनं, रेतीचं बिल आणि ट्रॉलीला टेप लावलेले फोटो जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रं जिल्हा ग्राहक आयोगाकडे देईन.

आपला,
एक ग्राहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ