मधल्या सुट्टीतही नव्या मुलाकडे लक्ष हवे

महोदय,

यजमानांच्या बदलीमुळे गेल्या जूनमध्ये आम्ही कोल्हापूरहून नागपूरला आलो. मुलगा चौथीत. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत आला नाही, म्हणून अनुदानित शाळेत त्याचा प्रवेश अडला आणि सुरुवातीचे आठ दिवस तो घरीच बसला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार दाखल्याच्या उशिरापायी सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, हे आम्हाला नंतर कळले. तोवर वर्गात सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या होत्या.

अभ्यासात तो कुठे अडला नाही. अडला तो मधल्या सुट्टीत. तो 'लई' म्हणाला की पोरे हसायची. खेळताना सगळे हिंदीत बोलायचे, त्याला हिंदी पुस्तकातलीच येत होती. एकाने डब्यातला 'सांबार' दाखवला, तर हा इडलीबरोबरचे सांबार शोधत बसला. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मलाही भाजीवालीकडूनच कळले होते, पण त्याला सांगायचे राहून गेले. मग तो बोलेनासाच झाला. डबा तसाच परत येऊ लागला. रोज सकाळी पोट दुखायचे, रविवारी मात्र अजिबात नाही. डॉक्टरांनी तपासून काही दोष नसल्याचे सांगितले, तेव्हा मला हा रविवारचा फरक उमगला.

मी वर्गशिक्षिकेला भेटले. त्यांनी फार काही केले नाही. आमच्याच वस्तीतल्या, त्याच ऑटोने जाणाऱ्या एका शांत मुलाला त्याच्या शेजारी बसवले आणि 'डबा दोघांनी एकत्र खायचा' एवढेच सांगितले. वर्गासमोर उभे करून 'याला सांभाळून घ्या' म्हटले नाही, हे फार बरे झाले. त्याने तो आणखी वेगळा पडला असता. घरी मीही 'शाळा कशी झाली?' विचारणे सोडले, कारण उत्तर नेहमी 'बरी' असेच यायचे. 'आज डबा कोणाबरोबर खाल्ला?' या प्रश्नाला मात्र नाव यायचे किंवा तो गप्प व्हायचा. दोन्हींतून मला कळायचे. नाव यायला तीन आठवडे लागले. त्या मुलाला शनिवारी घरी बोलावले, मग पोटदुखीही थांबली.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतरत्रपेक्षा उशिरा उघडतात. बाहेरून आलेल्या पालकांना हे दिवस मोकळे मिळतात. तेव्हाच मुलाला शाळेचा रस्ता, स्वच्छतागृह, पाण्याचा नळ दाखवून आणावा. आम्ही ते दिवस सामान लावण्यात घालवले. आणि शाळांना कळकळीची विनंती : वर्षाच्या कोणत्याही महिन्यात नवे मूल आले, तरी पहिल्याच दिवशी त्याच्या वस्तीतला एक जोडीदार ठरवून द्यावा. पंधरा दिवसांनी वर्गशिक्षकांनी एकदा मधल्या सुट्टीत बाहेर येऊन ते मूल कोणाजवळ बसले आहे ते पाहावे.

– एक पालक, मानेवाडा, नागपूर